दूध पचतं, मग कापूस का नाही?

ताई, 'स्टार्च पचतो, सेल्युलोज का पचत नाही' या प्रश्नाला मी लिहिलं की बीटा बंध अल्फा बंधापेक्षा मजबूत असतो. शून्य मिळालं. मैत्रिणीने लिहिलं, 'बीटा बंध तोडणारं एन्झाइम माणसाकडे नाही', तिला पूर्ण गुण. पण दुधातल्या लॅक्टोजमध्येही बीटा बंधच असतो ना? मग दूध कसं पचतं? आमच्यापैकी बरोबर कोण, आणि एक ओएच वर की खाली एवढ्यावरून इतका फरक कसा पडतो, ते नीट सांगाल का?
— बी.एस्सी.ची एक विद्यार्थिनी

तुझं उत्तर चुकलंय, मैत्रिणीचं अर्धं बरोबर आहे, आणि लॅक्टोजची शंका मात्र तुम्हा दोघींच्या उत्तरांपेक्षा सरस आहे. ती तू पेपरात लिहायला हवी होतीस. तिच्याकडे येतेच, पण आधी मजबुतीचा विषय मिटवून टाकू.

ग्लायकोसिडिक बंध म्हणजे एका साखरेचा पहिला कार्बन आणि शेजारच्या साखरेचा एखादा कार्बन यांना जोडणारा ऑक्सिजन. पाण्याचा एक रेणू घालून हा बंध तोडता येतो. मात्र नुसत्या पाण्यावर सोडून दिला तर तो काही केल्या तुटत नाही. रिचर्ड वुल्फेंडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये याचा हिशेब मांडला. खूप जास्त तापमानाला वेग मोजायचा आणि त्यावरून नेहमीच्या तापमानाचा वेग काढायचा, अशी त्यांची रीत होती. २५ अंश सेल्सिअसला, आम्ल किंवा एन्झाइम नसताना, असे निम्मे बंध तुटायला काही दशलक्ष वर्षं लागतात असं उत्तर आलं. म्हणजे एन्झाइम नसेल तर अल्फा बंधही आपल्या उपयोगाचा नाही, पोटात अन्न थांबून थांबून किती तास थांबणार? माल्टोज आणि सेलोबायोज घे. दोन्हींचं सूत्र C₁₂H₂₂O₁₁, दोन्हींत दोन-दोन ग्लुकोज, एकात अल्फा बंध आणि दुसऱ्यात बीटा. दोन्ही पाण्यात विरघळतात आणि सौम्य आम्लात उकळल्या की दोन्हींची ग्लुकोज होते. माल्टोज थोडी लवकर फुटते हे खरं, पण एक पचावी आणि दुसरी अजिबात पचू नये इतका तो फरक नाही. मजबुतीच्या उत्तराला शून्य मिळालं ते यासाठी.

खरा फरक दिशेचा आहे, आणि तो कागदावर स्वतः काढल्याशिवाय डोक्यात बसत नाही. ग्लुकोजचं षटकोनी वलय काढ. उजव्या टोकाला पहिला कार्बन, डाव्या टोकाला चौथा. सहावा कार्बन, म्हणजे CH₂OH हा गट, वलयाच्या वर. चौथ्या कार्बनवरचा ओएच खाली. इथपर्यंत अल्फा आणि बीटा अगदी सारखे असतात. आता पहिल्या कार्बनवरचा ओएच खाली काढलास तर अल्फा, वर काढलास तर बीटा.

शेजारी दुसरं ग्लुकोज तसंच काढ आणि पहिल्याचा पहिला कार्बन दुसऱ्याच्या चौथ्याला जोडायला बघ. अल्फा असेल तर इकडचा ऑक्सिजन खाली आणि तिकडचाही खालीच, त्यामुळे मधला पूल सरळ जुळतो. तिसरं, चौथं, दहावं ग्लुकोज जोडलंस तरी सगळे CH₂OH वरच्याच बाजूला राहतात. बीटा असेल तर घोटाळा होतो. इकडचा ऑक्सिजन वर आहे आणि तिकडचा खाली. जुळवायचं तर दुसरं वलय पालथं घालावं लागतं, त्याचा CH₂OH खाली जातो. तिसरं पुन्हा सुलट, चौथं पुन्हा पालथं. पेपरात एखादी साखळी देऊन 'ही कोणती' असं विचारलं तर बाकी काही न पाहता CH₂OH बघ. सगळे एका बाजूला असतील तर स्टार्च, एकाआड एक वर-खाली असतील तर सेल्युलोज. पालथं घातलं म्हणून ते ग्लुकोज वेगळं होत नाही. पुष्कळ मुलं इथे अडखळतात आणि सेल्युलोजमध्ये दोन प्रकारच्या साखरा असतात असं लिहून मोकळी होतात.

सुट्या ग्लुकोजला, गंमत म्हणजे, या वर-खालीचं काहीच पडलेलं नसतं. पाण्यात त्याचं वलय सारखं उघडतं आणि पुन्हा मिटतं, आणि मिटताना ओएच कधी वर येतो, कधी खाली. काही वेळाने साधारण ३६ टक्के अल्फा आणि ६४ टक्के बीटा असा समतोल होतो. बंध पडला की मात्र ती दिशा कायमची पक्की. त्यामुळे सेल्युलोज कुणी तोडून दिलंच तर हाती येणारं ग्लुकोज तेच, आपल्या रक्तात चालणारं. अडचण मालाची नाही, बांधणीची आहे.

कागदावर सपाट दिसतं तसं वलय प्रत्यक्षात नसतं, ते खुर्चीच्या आकारात वाकलेलं असतं. त्या आकारात प्रत्येक कार्बनवर एक जागा उभी आणि एक आडवी. बीटा ग्लुकोजमध्ये सगळे मोठे गट आडव्या जागी जातात. अल्फामध्ये फक्त पहिल्या कार्बनवरचा ऑक्सिजन उभ्या जागी असतो. आडव्या ऑक्सिजनमधून पुढची साखर जवळजवळ सरळ रेषेत निघते आणि उभ्यातून ती कोनात निघते. प्रत्येक जोडाला थोडं थोडं वळत गेलं की साखळीचा पीळ तयार होतो. स्टार्चच्या सरळ साखळीत, म्हणजे अमायलोजमध्ये, एका फेऱ्यात साधारण सहा ग्लुकोज येतात. पिळाच्या आतली पोकळी आयोडीनला बरोबर मावते, आणि आयोडीन त्या पोकळीत ओळीने बसला की तो गडद निळा रंग दिसतो.

बीटाच्या सरळ साखळीचं पुढे वेगळंच होतं. एका ग्लुकोजच्या तिसऱ्या कार्बनवरचा ओएच शेजारच्या ग्लुकोजच्या वलयातल्या ऑक्सिजनशी हायड्रोजन बंध करतो, त्यामुळे साखळी ताठ राहते. ताठ साखळ्या एकमेकींना खेटून बसतात आणि त्यांच्यातही हायड्रोजन बंध होतात. अशा साखळ्यांचे पापुद्रे एकावर एक रचले जाऊन सेल्युलोजचा स्फटिकासारखा तंतू बनतो. एकेका साखळीत हजारो ग्लुकोज असतात. प्रत्येक ग्लुकोजवर पाण्याची ओढ असलेले ओएच आहेत, तरी सगळे आपसांत गुंतलेले असल्याने आत पाणी शिरत नाही. सेलोबायोज पाण्यात विरघळते, तीन-चार ग्लुकोजच्या बीटा साखळ्याही विरघळतात, पण सहा-आठच्या पुढे गेलीस की विरघळणं जवळजवळ संपतं. हे लक्षात ठेव, लॅक्टोजच्या उत्तरात लागणार आहे.

आता एन्झाइमकडे वळू. लाळेत आणि स्वादुपिंडाच्या रसात अल्फा-अमायलेज असतं. त्याच्या अंगावर एक खाच आहे. माणसाच्या स्वादुपिंडाच्या अमायलेजमध्ये त्या खाचेत पाच साखरा ओळीने बसायला जागा असते, आणि काप तिसऱ्या व चौथ्या साखरेच्या मध्ये पडतो. कापाच्या जागी तीन आम्लधर्मी अमिनो आम्लं टेकलेली असतात: १९७ क्रमांकाचं अॅस्पार्टेट, २३३ क्रमांकाचं ग्लुटामेट आणि ३०० क्रमांकाचं अॅस्पार्टेट. ग्लुटामेट मधल्या ऑक्सिजनला प्रोटॉन देतं, म्हणजे त्याला निघायला मदत करतं. त्याच वेळी १९७ चं अॅस्पार्टेट समोरच्या बाजूने पहिल्या कार्बनला धरतं. नंतर पाण्याचा रेणू येतो, अॅस्पार्टेटची पकड सोडवतो आणि काप पुरा होतो. हे सगळं सेकंदाला शेकड्यांच्या हिशेबाने चालतं.

'समोरच्या बाजूने' या दोन शब्दांवर जरा थांब. अल्फा बंधात जाणारा ऑक्सिजन वलयाच्या खालच्या अंगाला असतो, म्हणून अॅस्पार्टेटला वरचं अंग मोकळं मिळतं. तिथे बीटा बंध आणून ठेवलास तर अॅस्पार्टेटने जिथून यायचं ती वाट खुद्द बंधाच्या ऑक्सिजननेच अडवलेली असते, आणि प्रोटॉन द्यायला बसलेल्या ग्लुटामेटसमोर काहीच नसतं. शिवाय खाच वळणाऱ्या साखळीसाठी घडलेली आहे, ताठ पट्टी तिच्यात धड बसतच नाही. एका ओएचच्या वर-खालीने इतका फरक पडतो तो असा. बंध तोच आणि तितकाच तुटणारा, फक्त हत्यारं चुकीच्या बाजूला उभी आहेत.

अमायलेजला 'अल्फा' एवढं पुरतं असंही समजू नकोस. स्टार्चचा दुसरा भाग, अमायलोपेक्टिन, फांद्यांचा असतो. साधारण दर २४ ते ३० ग्लुकोजनंतर एक फांदी फुटते, आणि फांदीच्या बेचक्यात पहिला कार्बन चौथ्याऐवजी सहाव्याला जोडलेला असतो. तो बंधही अल्फाच आहे, पण अमायलेज त्याला हात लावत नाही. म्हणून अमायलेजचं काम झाल्यावर माल्टोज, तीन ग्लुकोजची माल्टोट्रायोज आणि बेचकी शिल्लक असलेले तुकडे उरतात. ते लहान आतड्याच्या अस्तरावरची दुसरी एन्झाइमं, माल्टेज-ग्लुकोअमायलेज आणि सुक्रेज-आयसोमाल्टेज, ग्लुकोजपर्यंत आणतात. एन्झाइमला बंधाचं नाव कळत नाही. त्याला आजूबाजूचा सगळा आकार जुळावा लागतो.

आता लॅक्टोज. त्यात गॅलॅक्टोजचा पहिला कार्बन ग्लुकोजच्या चौथ्याला बीटा बंधाने जोडलेला असतो, म्हणजे तुझं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. तो बंध तोडणारं लॅक्टेजही लहान आतड्याच्या अस्तरावरच असतं. मोठेपणी ते ज्यांच्यात कमी होतं त्यांना दूध बाधतं. म्हणजे बीटा बंध तोडायची सोय माणसाकडे आहे, आणि मैत्रिणीचं वाक्य जसंच्या तसं घेतलं तर ते चूक ठरतं. त्याहून मजेची गोष्ट अशी की माणसाचं लॅक्टेज प्रयोगशाळेत सेलोबायोजही तोडतं. खुद्द सेल्युलोजचा जो बंध, ग्लुकोज आणि ग्लुकोजमधला बीटा-१,४, तोच! तुझ्या तपासनिसांना हे माहीत असतं तर तिचे पूर्ण गुण राहिले असते की नाही, शंका आहे.

मग कापूस का पचत नाही? कारण लॅक्टेज हे अस्तराला चिकटलेलं एन्झाइम आहे आणि त्याच्याकडे विरघळून आलेली छोटी साखर लागते. दोन-तीन साखरांचा तुकडा आला तर ते काम करील, पण हजारो ग्लुकोजची, शेजारणींशी जखडलेली, न विरघळणारी साखळी त्याच्यापर्यंत येणार कशी? स्टार्चच्या बाबतीत मोठ्या साखळीचे मधूनच तुकडे पाडण्याचं काम अमायलेज करतं. सेल्युलोजसाठी ते काम करणारं, पचनरसात मोकळं फिरणारं एन्झाइम आपल्या शरीरात बनत नाही. शेवटची पायरी आहे, पहिलीच गायब आहे.

आणि पहिली पायरी केवढी अवघड आहे ते बुरशीकडे पाहून कळतं. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती सामान कुजू लागलं, आणि त्यावरून वेगळी काढलेली बुरशी आज ट्रायकोडर्मा रीसेई या नावाने ओळखली जाते. सेल्युलोजला ती एका एन्झाइमने भिडत नाही, तिला टोळीच लागते. एण्डोग्लुकानेज तंतूच्या सैल जागी साखळीत मधेच काप घालतं. त्यातून मोकळं झालेलं टोक सेलोबायोहायड्रोलेज आपल्या बोगद्यात ओढून घेतं. हा बोगदा दहाएक साखरा मावतील एवढा लांब असतो. ते साखळीला तंतूपासून सोलत सोलत पुढे सरकतं आणि दर खेपेला दोन ग्लुकोजचा तुकडा सोडतं. दोनचाच का, हे तुला आता सुचायला हवं: एकाआड एक वलय पालथं असल्याने कापायच्या कोनात दर दुसराच बंध येतो. शेवटी बीटा-ग्लुकोसिडेज त्या सेलोबायोजची ग्लुकोज करतं. एवढा फौजफाटा असूनही घट्ट स्फटिकी भागावर काम संथच चालतं. गाय हे एन्झाइम स्वतः बनवत नाही, तिच्या पोटातले जिवाणू बनवतात. चारा तिथे दिवस-दोन दिवस मुरतो, तरी सगळा संपत नाही. आपल्या लहान आतड्यात अन्न थांबतं काही तास. मोठ्या आतड्यातले आपले जिवाणू तंतुमय पदार्थांचा काही भाग आंबवतात, त्यातून थोडी मेदाम्लं मिळतात, पण सेल्युलोज हा त्या सगळ्यांत चिवट भाग.

बांधणीचा मुद्दा उलट बाजूनेही तपासता येतो. कच्च्या बटाट्यातला स्टार्च पूर्ण अल्फाचा, तरी त्याचा बराचसा भाग आपल्याला पचत नाही, कारण साखळ्या कणांमध्ये घट्ट रचलेल्या असतात आणि अमायलेजला आत शिरकाव मिळत नाही. पाण्यात साधारण ६० ते ७० अंशांच्या पुढे तापवला की कण फुगतात, रचना ढिली होते, आणि मग तोच स्टार्च झटपट पचतो. थंड करून ठेवला की काही साखळ्या पुन्हा जवळ येतात आणि तेवढा भाग पुन्हा पचेनासा होतो. अल्फा-बीटा हे पहिलं कारण खरं, पण त्याचा परिणाम दोन ठिकाणी दिसतो: एन्झाइमच्या खाचेत आणि साखळ्यांच्या रचनेत.

पुढच्या वेळी उत्तर असं लिही: 'स्टार्चमधल्या अल्फा बंधांमुळे साखळी पिळाची व सैल राहते आणि अमायलेजच्या खाचेत बसते. सेल्युलोजमधल्या बीटा-१,४ बंधांमुळे साखळी सरळ राहून तंतूंमध्ये घट्ट रचली जाते, आणि अशी लांब साखळी तोडणारं सेल्युलेज मानवी शरीरात बनत नाही.' जागा उरली तर लॅक्टेजची एक ओळ घाल. पुनर्तपासणीच्या अर्जाबद्दल माझं मत विचारशील तर करू नको, 'मजबूत' या शब्दाला गुण मिळणार नाहीत.

प्रयोगशाळेत तासभर मिळाला तर हे डोळ्यांनी बघ. एक टक्का स्टार्च उकळून केलेलं द्रावण पूर्ण गार कर, १० मिली घे, त्यात पाणी घालून पातळ केलेली लाळ १ मिली घाल आणि परीक्षानळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेव. दर मिनिटाला एक थेंब पांढऱ्या फरशीवर आयोडीनमध्ये टाकत राहा. रंग निळ्यावरून जांभळा, मग तांबूस होत जाईल आणि शेवटी आयोडीनचा पिवळसरपणा तेवढा उरेल. पिळाचे तुकडे लहान होत चाललेत हे तुला रंगातून दिसतं. मग बेनेडिक्ट द्रावण घालून उकळत्या पाण्यात धर, विटकरी साका येईल. दुसऱ्या नळीत स्टार्चऐवजी शुद्ध शोषक कापसाचा बोळा ठेव, लाळ तेवढीच. तिथे बेनेडिक्ट निळाच राहील, दिवसभर ठेवलास तरी. तिसऱ्या नळीत स्टार्च आणि आधी उकळून गार केलेली लाळ, म्हणजे काम एन्झाइमचंच आहे याची खात्री. निळा रंग मुळीच हलला नाही तर लाळ फार पातळ झाली असेल किंवा स्टार्च गरम असतानाच घातली असेल. थेंब गरम असेल तर उलट फसगत होते, आयोडीनचा निळा रंग उष्णतेने जातो आणि पचन झालं असं वाटतं.

आणि कापसाऐवजी वहीचा कागद घेऊ नकोस. कागद सेल्युलोजचा असला तरी शाई पसरू नये म्हणून त्याला बहुधा स्टार्च लावलेला असतो. आयोडीन टाकलंस की तो निळा होईल, लाळेत ठेवलास की बेनेडिक्टही थोडा रंग दाखवील, आणि सेल्युलोज पचलं असं वहीत लिहून बसशील.